साठाचा हिशेब, दहाची मांडणी

प्रस्तावना

जुहू, विलेपार्ले पश्चिम किंवा सांताक्रूझ पश्चिम या पट्ट्यात जुनी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले की सोसायटीच्या फायलीत एक कागद हमखास येतो. तो म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे उंचीबाबतचे ना हरकत प्रमाणपत्र. पश्चिमेला समुद्र, वस्तीच्या मधोमध जुहूचे जुने विमानतळ आणि पूर्वेला सांताक्रूझचे मोठे विमानतळ, अशी या भागाची ठेवण आहे. त्यामुळे इथे इमारत किती उंच जाईल हे एकटी महापालिका ठरवत नाही. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०१५ रोजी यासंबंधीचे नियम काढले. त्यानुसार अर्जदाराला आपला भूखंड नेमका कुठे आहे आणि तिथली जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, या दोन्ही गोष्टी मोजून द्याव्या लागतात. भूखंडाचे ठिकाण अक्षांश-रेखांशांत लिहितात, आणि तेही अंश, मिनिटे आणि सेकंद अशा तीन तुकड्यांत.

सोसायटीच्या सभेत हा कागद हातोहात फिरतो. कुणी तरी मोबाइल काढून त्यातल्या नकाशावर आपला प्लॉट शोधू लागते. नकाशावर बोट दाबून धरले की अॅप जे आकडे दाखवते ते वेगळ्याच धाटणीचे असतात. तिथे एकच आकडा, मग टिंब आणि टिंबानंतर पाच-सहा अंक. कागदावरचे तीन तुकडे आणि पडद्यावरचा एक आकडा एकाच जागेबद्दल बोलतात का, हे कळायला हवे. कारण कागदावर चुकीची जागा लिहिली गेली असेल, तर मिळालेली उंचीही चुकीच्या जागेसाठीची असेल. या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे. तीन तुकड्यांतून एक आकडा कसा करायचा, आणि केलेला आकडा बरोबर आहे हे कसे ओळखायचे.

रूपांतर स्वतः अगदी सोपे आहे. शाळेत सहावी-सातवीत जे शिकलो त्यापलीकडचे गणित यात नाही. मिनिटांना ६० ने भागायचे, सेकंदांना ३६०० ने भागायचे आणि दोन्ही उत्तरे अंशांत मिळवायची. तरीही या साध्या बेरजेत चुका होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच चुका अशा असतात की उत्तर चुकले आहे हे उत्तराकडे पाहून कळत नाही. म्हणून सूत्र एका ओळीत सांगून थांबण्याऐवजी जुहूच्या जमिनीवर प्रत्यक्ष काय घडते ते आपण सावकाश पाहू.

मुळात घोळ होतो तो आकड्यांच्या दिसण्यामुळे. अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटे आणि मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद. पंचांग पाहणाऱ्या घरांत ही विभागणी परकी नाही. ग्रहांची स्थिती तिथे राशी, अंश, कला आणि विकला अशी छापलेली असते. अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. भूगोलातले मिनिट म्हणजे ही कला आणि सेकंद म्हणजे ही विकला. उलट टिंबानंतरचे आकडे दहाच्या पटीतले. पहिला अंक दशांश, दुसरा शतांश. ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश, आणि अर्धा अंश टिंबाच्या पद्धतीत ०.५ असा लिहितात, ०.३० असा नव्हे.

याचे आपल्या सर्वांना पाठ असलेले उदाहरण भारताच्या प्रमाणवेळेत आहे. प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२°३०′ पूर्व, म्हणजेच ८२.५ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ८२.५ भागिले १५ बरोबर ५.५ तास. हेच आपण साडेपाच तास म्हणतो आणि घड्याळाच्या भाषेत ५:३० लिहितो. कुणी ८२.३० ला १५ ने भागले तर उत्तर ५.४८६ तास येईल आणि सगळ्या देशाचे घड्याळ जवळजवळ पाऊण मिनिट मागे पडेल. भागाकार, गुणाकार, अंतर मोजणे असे कोणतेही काम करायचे तर साठाची मांडणी मोडून दहाची करावीच लागते. नकाशाचे अॅप आतल्या आत सतत हीच कामे करत असते, म्हणून त्याला दशांश अंश सोयीचे पडतात.

आता जुहूच्या विमानतळाचीच जागा घेऊ. १९२८ मध्ये सुरू झालेले हे विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. प्रत्येक विमानतळाला नकाशावर एक संदर्भबिंदू असतो. धावपट्ट्यांच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू निवडून त्याचे अक्षांश-रेखांश हेच त्या विमानतळाचे ठिकाण म्हणून देतात. जुहूच्या विमानतळासाठी आपण १९°०५′५३″ उत्तर आणि ७२°५०′०२″ पूर्व हे आकडे धरून चालू.

अक्षांशापासून सुरुवात करू. १९ अंश तसेच ठेवायचे. ५ मिनिटे भागिले ६० बरोबर ०.०८३३३. ५३ सेकंद भागिले ३६०० बरोबर ०.०१४७२. तिघांची बेरीज १९.०९८०५, आणि भागाकाराचे पुढचे अंक धरले तर १९.०९८०६. रेखांशासाठी ७२ तसेच. ५० भागिले ६० बरोबर ०.८३३३३, आणि २ भागिले ३६०० बरोबर ०.०००५६. बेरीज ७२.८३३८९. अॅपच्या शोधपट्टीत हे असे टंकायचे, अक्षांश आधी, मग स्वल्पविराम, मग रेखांश :

```
19.09806, 72.83389
```

इथे एक बारीक गोष्ट हाताशी आली. मधल्या पायरीवरच अंक तोडले तर शेवटचा अंक एकाने हलतो. म्हणून आकडे तोडायचे ते सगळ्यात शेवटी, बेरीज झाल्यावर.

विमानवाहतुकीच्या कागदपत्रांत हीच जागा अंश-मिनिटांच्या खुणांशिवाय, सलग अंकांत लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे १९०५५३ आणि पुढे उत्तरेचे अक्षर, ०७२५००२ आणि पुढे पूर्वेचे अक्षर. अक्षांशाला पहिले दोन अंक अंशांचे आणि रेखांशाला पहिले तीन, कारण रेखांश १८० पर्यंत जातात. असा सलग आकडा पाहिला की अंशांनंतर एक टिंब द्यावे आणि काम संपवावे, असा मोह होतो. त्या मोहात १९.०५५३ आणि ७२.५००२ असे आकडे तयार होतात. दिसायला नीटनेटके, पण हा बिंदू जुहूच्या विमानतळापासून सुमारे ३५ किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रात पडतो. ५० मिनिटे म्हणजे जवळजवळ ०.८३ अंश. त्यांचे ०.५० झाले, आणि अंशाचा हरवलेला तिसरा हिस्सा म्हणजे ही ३५ किलोमीटर.

ही चूक त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल. खूण भर समुद्रात दिसली की काही तरी बिनसले आहे हे लहान मूलही सांगेल. मला अधिक काळजी वाटते ती अर्ध्या चुकीची. समजा रेखांश बरोबर बदलला आणि अक्षांश तेवढा घाईत १९.०५५३ असा लिहिला. आता खूण समुद्रात पडत नाही. ती सुमारे पावणेपाच किलोमीटर दक्षिणेला, वांद्रे पश्चिमेच्या दाट वस्तीत पडते. आजूबाजूला रस्ते आहेत, इमारती आहेत, चर्च आहे, पलीकडे लोकलचा मार्गही आहे. पाहणारा मुंबईबाहेरचा असेल, किंवा नकाशा फार जवळून पाहत असेल, तर त्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही. मिनिटांचा आकडा लहान असला की चूकही लहान होते, आणि लहान चूक शेजारच्या खऱ्याखुऱ्या जागेवर जाऊन बसते.

याच जातीची, आणखी जवळ फसवणारी एक चूक आहे. अंश आणि मिनिटे लिहून सेकंदांऐवजी मिनिटांचेच दशांश देण्याची तिसरी एक पद्धत चालते. समुद्रावर तीच जास्त वापरतात. मच्छीमार बोटींवरच्या जीपीएस संचांत सहसा असेच आकडे दिसतात. त्या पद्धतीत जुहूच्या विमानतळाचा अक्षांश १९°०५.८८३′ होतो, कारण ५३ सेकंद म्हणजे एका मिनिटाचे ०.८८३. इथे टिंब मिनिटांनंतर आहे, अंशांनंतर नाही. कुणी हा आकडा ५ मिनिटे ८८.३ सेकंद असा वाचला, तर सेकंद साठाच्या वर गेल्याने चूक उघडी पडते. पण उलटे झाले तर? कागदावर ५ मिनिटे ५३ सेकंद आहेत आणि टंकणाऱ्याने मध्ये टिंब देऊन ०५.५३ मिनिटे असे भरले, तर ५३ सेकंदांचे ३१.८ सेकंद होतात आणि जागा सुमारे ६५० मीटर दक्षिणेला सरकते. ६५० मीटर म्हणजे तेच उपनगर, तसेच रस्ते. हे नुसत्या नजरेला कळणार नाही. म्हणून कोणत्याही आकड्याला हात लावण्याआधी टिंब कुठे आहे ते पाहायचे. अंशांनंतर असेल तर काम आधीच झालेले आहे. मिनिटांनंतर असेल तर फक्त एकदा ६० ने भागायचे आहे. सेकंदांनंतर असेल, किंवा तिन्ही तुकडे असून टिंबच नसेल, तरच आपले पूर्ण सूत्र लागू होते.

वरचे सगळे मीटर-किलोमीटर मी कुठून काढले, हे सांगायला हवे, कारण हे माप एकदा डोक्यात बसले की निम्म्या चुका जागीच पकडता येतात. उत्तर-दक्षिण दिशेला एक अंश म्हणजे जुहूच्या आसपास सुमारे ११०.७ किलोमीटर. त्याचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, १८४५ मीटर. त्याचाही साठावा भाग, म्हणजे एक सेकंद, पावणे एकतीस मीटर. पूर्व-पश्चिम दिशेला हेच माप थोडे कमी भरते. रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. आपण विषुववृत्तापासून १९ अंश वर आहोत, म्हणून इथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.२ किलोमीटरचा आणि एक सेकंद सव्वाएकोणतीस मीटरचा. साध्या हिशेबाला दोन्हीकडे एक सेकंद म्हणजे ३० मीटर धरले तरी जुहूत चालते. एखाद्या मध्यम सोसायटीच्या इमारतीची लांबी साधारण तेवढीच असते.

जुहू आणि सांताक्रूझ या दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंत रेखांशाचा फरक जेमतेम दोन मिनिटांचा आहे, म्हणजे दोन्हींत अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर. आणि दोन्हींच्या एकेका धावपट्टीची दिशा जवळजवळ सारखी, पूर्व-पश्चिम. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. त्याआधी १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट विमानही असेच चुकून इथे उतरले होते. त्या वैमानिकांची फसगत डोळ्यांनी पाहून झाली, आकड्यांनी नव्हे. पण आकाशातून पाहणाऱ्याला दोन मिनिटांचा फरक किती थोडा वाटतो, हे या दोन घटनांवरून लक्षात येते.

आता सोसायटीच्या कागदाकडे वळू. मी इथे एक काल्पनिक भूखंड घेतो आहे, कारण खऱ्या इमारतीचा कागद असा छापणे योग्य नाही. समजा जुहू स्कीममधल्या एका प्लॉटच्या रस्त्याकडच्या दोन कोपऱ्यांचे आकडे असे आहेत. दोघांचाही अक्षांश १९°०६′३०.४०″ उत्तर. पश्चिमेकडच्या कोपऱ्याचा रेखांश ७२°४९′४५.६०″ आणि पूर्वेकडच्याचा ७२°४९′४६.८०″. सेकंदांना दोन दशांश स्थळे आहेत, म्हणजे सर्वेक्षकाने सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले आहे. जमिनीवर ते माप जेमतेम एक फूट. दोन कोपऱ्यांतला फरक १.२० सेकंद, म्हणजे सुमारे ३५ मीटर. ही प्लॉटची दर्शनी बाजू.

असे चार-सहा कोपरे असले तर संगणकावरच्या तक्त्यात करणे सोपे. अंश, मिनिटे आणि सेकंद तीन वेगळ्या रकान्यांत भरायचे आणि चौथ्या रकान्यात हे सूत्र द्यायचे :

```
=A2+B2/60+C2/3600
```

अक्षांश येतो १९.१०८४४४. पश्चिम कोपऱ्याचा रेखांश ७२.८२९३३३ आणि पूर्व कोपऱ्याचा ७२.८२९६६७. या दोन रेखांशांतला फरक ०.०००३३४ अंश. त्याला १०५.२ किलोमीटरने गुणले की पुन्हा ३५ मीटर मिळतात. रूपांतर जुळले.

इथे पुष्कळजण आकडे आटोपशीर करण्यासाठी टिंबानंतरचे तीनच अंक ठेवतात. पाहा काय होते. ७२.८२९३३३ चे ७२.८२९ होतात आणि ७२.८२९६६७ चे ७२.८३०. फरक ०.००१ अंश, म्हणजे १०५ मीटर. पस्तीस मीटरची बाजू कागदावर तिप्पट झाली आणि पलीकडच्या दोन इमारती प्लॉटमध्ये आल्या. चार अंक ठेवले तर बाजू ४२ मीटर भरते. पाच ठेवले तर जवळजवळ ३६, आणि सहा ठेवले की खरे ३५ हाती येतात. टिंबानंतरचा चौथा अंक जमिनीवर साधारण ११ मीटर सांगतो, पाचवा एक मीटरच्या आसपास, सहावा दहा-अकरा सेंटिमीटर. म्हणून प्लॉटच्या कोपऱ्यांसाठी सहा अंक ठेवावेत. विमानतळाचा संदर्भबिंदू आपण पूर्ण सेकंदांत घेतला होता, त्याला पाच पुरे. तिथे नऊ-दहा अंक लिहून नेमकेपणा वाढत नाही. मूळ मोजणी ३० मीटरच्या टप्प्यांत दिलेली असताना उत्तरातला मिलिमीटर खोटा असतो.

एक सेकंदाच्या चुकीने इमारतीच्या उंचीचे काय होते, हा प्रश्न साहजिक आहे. धावपट्टीभोवती विमानांच्या सुरक्षेसाठी काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात आणि बांधकामाने त्यांना छेदायचे नसते. मोठ्या धावपट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना असा एक पृष्ठभाग धावपट्टीपासून दूर जाताना वर चढत जातो. त्याचा चढ सातास एक, म्हणजे सात मीटर दूर गेल्यावर एक मीटर वर. अशा चढाखाली येणाऱ्या भूखंडाची जागा एका सेकंदाने, म्हणजे ३० मीटरने, आडवी चुकली तर उंचीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. एक पूर्ण मजला आणि वर थोडे. सगळा जुहू या चढाखाली नाही, बराच भाग सपाट मर्यादेच्या खालीही येतो. पण आपला प्लॉट कशाखाली येतो हे ठरते ते याच आकड्यांवरून. प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या रंगीत विभाग-नकाशात उंचीच्या मर्यादा चौकटी-चौकटींनी दाखवलेल्या असतात. चौकटीच्या कडेवरच्या प्लॉटला सेकंदभराची चूक शेजारच्या चौकटीत नेऊन ठेवू शकते.

अॅपमध्ये आकडे टंकताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, क्रम. नकाशाच्या अॅपच्या शोधपट्टीत अक्षांश आधी लागतो. पण नकाशाची माहिती साठवणाऱ्या काही फाइलींत रेखांश आधी लिहिण्याची पद्धत आहे, आणि शाळेतल्या आलेखाच्या सवयीनेही आडवा अक्ष आधी येतो. जुहूचे आकडे उलट टंकले तर ७२.८३ उत्तर आणि १९.१० पूर्व असा बिंदू मिळतो. तो नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे, ट्रॉम्सो शहराच्याही वर, थंड समुद्रात आहे. अॅप कुरकुर करत नाही, कारण ७२ हा अक्षांश असू शकतो. रेखांश ९० च्या वर असता, तर अॅपने तो अक्षांश म्हणून घेतला नसता. पण मुंबईसह महाराष्ट्रभर रेखांश बहात्तर ते ऐंशीच्या घरात असल्याने आपल्याला हे संरक्षण मिळत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. जुहूत बसून याची गरज भासत नाही, पण मराठी माणूस काही इथेच थांबलेला नाही. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे आहेत, आणि तिथली राजधानी पोर्ट लुई साधारण २०°१०′ दक्षिण अक्षांशावर आहे. बरोबर उत्तर उणे २०.१६६७. तक्त्यात मात्र अंशांच्या रकान्यात −२० लिहून वरचेच सूत्र चालवले तर मिनिटे ऋण संख्येत मिळवली जातात आणि उत्तर −१९.८३३३ येते. खूण ३७ किलोमीटर उत्तरेला सरकून बेटाच्या टोकापलीकडे समुद्रात जाते. म्हणून आधी तिन्ही तुकडे धन धरून बेरीज करायची आणि ऋण चिन्ह शेवटी एकदाच, पूर्ण उत्तराला लावायचे.

एक अडचण अशी आहे की जिथे गणित अचूक असूनही जागा चुकते. जुहूचा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या ४७ ए/१६ या नकाशापत्रकात येतो. ते पत्रक १९°०′ ते १९°१५′ उत्तर आणि ७२°४५′ ते ७३°०′ पूर्व एवढा प्रदेश दाखवते. जुने वकील, जुने सर्वेक्षक आणि गिर्यारोहक यांच्याकडे अशी पत्रके अजून जपलेली असतात. पण त्यांतले अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतलेले आहेत, तो एव्हरेस्ट नावाचा आकार १८३० सालचा आहे. उपग्रह, मोबाइल आणि विमानवाहतूक आज डब्ल्यूजीएस-८४ ही वेगळी चौकट वापरतात. जुन्या पत्रकावरून काढलेला आकडा साठ आणि छत्तीसशेने अगदी बिनचूक भागून अॅपमध्ये टाकला तरी मुंबईत खूण शंभर मीटरच्या आसपास सरकलेली दिसते. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जायला वेगळे गणित लागते, आपली बेरीज ते करत नाही. याची ओळख अशी, की सगळे बिंदू एकाच दिशेला आणि सारख्याच अंतराने हललेले असतात. टंकताना झालेली चूक अशी एकसारखी नसते, तिच्यात एखादाच कोपरा कुठे तरी भलतीकडे जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठी काढलेली नवी पत्रके डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत, त्यांना हा त्रास नाही. प्राधिकरणाकडे करायच्या अर्जातही हीच चौकट लागते. म्हणून सर्वेक्षकाच्या दाखल्यावर तिचे नाव लिहिले आहे ना, हे आकड्यांच्या आधी वाचावे.

राहिले पडताळणीचे. सर्वांत भरवशाची पडताळणी म्हणजे उलटा प्रवास. १९.१०८४४४ मधून १९ वेगळे काढा. उरलेल्या ०.१०८४४४ ला ६० ने गुणा, ६.५०६६४ येतात. पूर्णांक ६, ती मिनिटे. उरलेल्या ०.५०६६४ ला पुन्हा ६० ने गुणा, ३०.३९८ येतात. कागदावर ३०.४० होते, आणि दोन हजारांश सेकंदाचा हा फरक सहा अंकांवर तोडल्याचा आहे, जमिनीवर सहा सेंटिमीटरचा. उलट जाताना संगणक कधी कधी ५ मिनिटे ६०.०० सेकंद असे उत्तर दाखवतो. ते ६ मिनिटे ० सेकंदच असते. संगणकाने आत ५९.९९९९ धरून शेवटी ते पूर्ण केलेले असतात. असा आकडा अर्जात तसाच उतरवू नये, कारण मिनिटे आणि सेकंद कधीच साठ होत नाहीत.

त्यानंतर जमिनीवरची पडताळणी. सगळे कोपरे अॅपमध्ये टाकून अंतर मोजण्याच्या सोयीने प्रत्येक बाजू मोजा, आणि प्रॉपर्टी कार्डाबरोबरच्या नकाशातल्या बाजूंशी ताडून पाहा. एखाद-दुसऱ्या मीटरचा फरक चालेल. बाजू दुप्पट-तिप्पट भरली तर अंक कमी ठेवले गेले आहेत. एकच कोपरा वाकडा गेला तर तिथे अंकांची अदलाबदल झाली आहे. बाजू सगळ्या बरोबर आहेत पण पूर्ण प्लॉट रस्त्यावर सरकला आहे असे दिसले, तर दोन शक्यता असतात. सरकणे शंभर मीटरच्या घरात असेल तर चौकट जुनी असावी. दोन-पाच मीटरचे असेल तर बहुधा दोष उपग्रहचित्राचा असतो. ही चित्रे थोडी तिरकी घेतलेली असतात, उंच इमारतींची छपरे पायापासून बाजूला झुकलेली दिसतात, आणि चित्र जमिनीवर बसवतानाही थोडी चूक राहते. म्हणून कोपरा ताडताना गच्चीकडे पाहू नये, कुंपणाचा पाया किंवा रस्त्याची कड पाहावी. मोबाइल हातात धरून प्लॉटच्या कोपऱ्यात उभे राहिले तर तो दाखवतो ती जागाही उंच इमारतींच्या गल्लीत काही मीटर इकडेतिकडे असते. ती खात्री करण्यापुरती ठीक आहे, अर्जात भरण्याजोगी नाही. अर्जासाठी सर्वेक्षकाच्या उपकरणानेच मोजावे.

आणि अॅपवर सगळे कोपरे अचूक बसले तरी त्यातून उंची कळत नाही. प्रमाणपत्रात परवानगी दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनच्या माथ्याची असते, इमारतीची नव्हे. त्यातून प्लॉटच्या जमिनीची उंची वजा केल्यावर जे उरते तेवढेच बांधता येते, आणि पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, गच्चीवरचा खांब हे सगळे त्यातच बसवावे लागते. पुढच्या पानांत पहिल्या भागात रूपांतराचे सराव आहेत, जुहू ते मढ या किनाऱ्यावरच्या ओळखीच्या जागा घेऊन. जमिनीच्या उंचीचा हिशेब दुसऱ्या भागात येईल.